आकडा घसरला की हंगाम पालटला?

पावसाळा सुरू झाला की गोव्यातील पर्यटन व्यवसाय मंदावतो आणि डिसेंबरात तो पुन्हा भरास येतो. त्यामुळे जूनचा आकडा मेपेक्षा खाली आला, एवढ्यावरून व्यवसायाला उतरती कळा लागली असे कोणी म्हणत नाही. पण खरा प्रश्न त्यापुढचा आहे. जूनमधील घट पावसामुळे जेवढी व्हायला हवी होती तेवढीच झाली, की तिच्या आड आणखी काही दडले आहे? नुसत्या अंदाजाने याचे उत्तर देता येत नाही. त्यासाठी हंगामाचा वाटा किती, हे आकड्यात मोजावे लागते.

महिन्यागणिक नोंदलेल्या आकड्यांच्या अशा रांगेला कालमालिका म्हणतात. तिची फोड करण्याची सर्वांत जुनी आणि आजही शिकवली जाणारी रीत म्हणजे अभिजात विघटन. या रीतीत प्रत्येक आकडा तीन घटकांचा बनलेला आहे असे मानतात. पहिला घटक कल, म्हणजे दीर्घ काळ हळूहळू चाललेली वाढ किंवा घट. दुसरा हंगामी घटक, म्हणजे दरवर्षी त्याच महिन्यात परत येणारा चढउतार. तिसरा अनियमित घटक, म्हणजे हे दोन्ही बाजूला काढल्यावर जे उरते ते. बेरीज, भागाकार आणि सरासरी यांपलीकडे या रीतीत गणित नाही. तिची खरी परीक्षा मात्र त्या तिसऱ्या, उरलेल्या घटकात होते, आणि नेमके त्याच्याकडेच बहुधा दुर्लक्ष होते.

उदाहरणासाठी चार वर्षे

संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असलेली एक मालिका येथे घेतली आहे. १९४९ ते १९६० या बारा वर्षांत आंतरराष्ट्रीय विमानमार्गांवर दरमहा किती प्रवाशांनी प्रवास केला, याची ती नोंद आहे. जॉर्ज बॉक्स आणि ग्विलिम जेन्किन्स यांच्या १९७० मधील ग्रंथामुळे ती जगभर परिचित झाली. तिची शेवटची चार वर्षे खालीलप्रमाणे आहेत. आकडे हजारांत आहेत.

| महिना | १९५७ | १९५८ | १९५९ | १९६० |
|---|---|---|---|---|
| जानेवारी | ३१५ | ३४० | ३६० | ४१७ |
| फेब्रुवारी | ३०१ | ३१८ | ३४२ | ३९१ |
| मार्च | ३५६ | ३६२ | ४०६ | ४१९ |
| एप्रिल | ३४८ | ३४८ | ३९६ | ४६१ |
| मे | ३५५ | ३६३ | ४२० | ४७२ |
| जून | ४२२ | ४३५ | ४७२ | ५३५ |
| जुलै | ४६५ | ४९१ | ५४८ | ६२२ |
| ऑगस्ट | ४६७ | ५०५ | ५५९ | ६०६ |
| सप्टेंबर | ४०४ | ४०४ | ४६३ | ५०८ |
| ऑक्टोबर | ३४७ | ३५९ | ४०७ | ४६१ |
| नोव्हेंबर | ३०५ | ३१० | ३६२ | ३९० |
| डिसेंबर | ३३६ | ३३७ | ४०५ | ४३२ |

१९५८ चा सप्टेंबर पाहावा. ऑगस्टमध्ये ५०५ हजार प्रवासी होते, सप्टेंबरात ४०४ हजार उरले. एका महिन्यात वीस टक्के घट! मागच्या महिन्याशी केलेली तुलना घाबरवून सोडते. मागच्या वर्षीच्या सप्टेंबरशी तुलना करावी, तर तेथेही नेमके ४०४च. म्हणजे वर्षभरात वाढ शून्य. या दोन तुलनांवर विसंबून एखाद्या विमान कंपनीने नवीन विमानांची मागणी रोखली असती, तर पुढच्याच वर्षी तिला पश्चात्ताप झाला असता, कारण १९५९ मधील एकूण प्रवासी आदल्या वर्षापेक्षा बारा टक्क्यांहून अधिक वाढले. दोन्ही तुलनांचे आकडे खरे आहेत. तरी त्या दिशाभूल करतात, कारण त्यांत तिन्ही घटक एकत्र मिसळलेले आहेत.

बेरीज की गुणाकार?

फोड करण्यापूर्वी एक गोष्ट ठरवावी लागते. हंगामी चढउतार ठरावीक संख्येने होतो की ठरावीक प्रमाणात? दर ऑगस्टला शंभर हजार प्रवासी वाढतात असे दिसले, तर घटकांची बेरीज करावी. दर ऑगस्टला तीस टक्के वाढ होते असे दिसले, तर गुणाकार करावा.

या मालिकेच्या आरंभी, १९४९ मध्ये, सर्वाधिक गर्दीच्या महिन्यात १४८ हजार आणि सर्वांत मोकळ्या महिन्यात १०४ हजार प्रवासी होते. फरक ४४ हजारांचा. १९६० मध्ये हाच फरक ६२२ आणि ३९० यांच्यामधील, म्हणजे २३२ हजारांचा झाला. व्यवसाय वाढला तसा चढउतारही मोठा होत गेला. म्हणून येथे गुणाकाराची मांडणी योग्य ठरते:

महिन्याचा आकडा = कल × हंगामी घटक × अनियमित घटक

पहिली पायरी: कल

कल शोधण्यासाठी हंगाम पुसून टाकावा लागतो. त्याची युक्ती सोपी आहे. लागोपाठच्या कोणत्याही बारा महिन्यांत प्रत्येक महिना नेमका एकदाच येतो. ऑगस्टची गर्दी आणि नोव्हेंबरची ओहोटी दोन्ही त्यात असतात आणि परस्परांना भरून काढतात. म्हणून बारा महिन्यांची सरासरी काढली, की तिच्यात हंगाम उरत नाही. ही बारा महिन्यांची चौकट दरवेळी एक महिना पुढे सरकवत जावी. यालाच चलसरासरी म्हणतात.

यात एक बारीक अडचण आहे. जानेवारी ते डिसेंबर या बारा महिन्यांचा मध्य कोणत्याच महिन्यात पडत नाही. तो जून आणि जुलै यांच्या सीमेवर येतो. म्हणून लगतच्या दोन चौकटी घेऊन त्यांची पुन्हा सरासरी करतात. १९५७ च्या जानेवारी ते डिसेंबरची बेरीज ४,४२१ येते. चौकट एक महिना पुढे सरकवली, की ३१५ वजा होतात, १९५८ च्या जानेवारीचे ३४० मिळतात आणि बेरीज ४,४४६ होते. पहिल्या चौकटीचा मध्य जुलैच्या आरंभी येतो, तर दुसरीचा जुलैच्या अखेरीस. दोन्ही बेरजा मिळवून चोविसाने भागले, की जुलै १९५७ चा कल मिळतो: ८,८६७ ÷ २४ = ३६९.५ हजार. याला केंद्रित चलसरासरी म्हणतात. प्रत्यक्षात यात तेरा महिने येतात आणि दोन्ही टोकांच्या महिन्यांना निम्मे वजन मिळते.

याच रीतीने पुढे गेल्यावर जुलै १९५८ चा कल ३८१.८ आणि जुलै १९५९ चा ४३०.७ येतो. म्हणजे पहिल्या वर्षी वाढ जेमतेम साडेतीन टक्क्यांच्या आत, तर दुसऱ्या वर्षी सुमारे तेरा टक्के. मूळ तक्त्यावरून नजर फिरवताना ही गोष्ट सहज लक्षात येत नाही, पण कलाच्या रांगेत ती स्पष्ट दिसते. १९५८ च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत कल जवळजवळ सपाट आहे, आणि त्यानंतर तो दरमहा चार-पाच हजारांनी चढू लागतो. अमेरिकेतील मंदी ऑगस्ट १९५७ ते एप्रिल १९५८ अशी होती, आणि ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकपार प्रवासी जेट विमाने सुरू झाली, हे जाणकाराला येथे आठवेल. मात्र विघटन कारण सांगत नाही. कारण कोठे शोधावे, एवढेच ते दाखवते.

दुसरी पायरी: हंगामी निर्देशांक

आता प्रत्येक महिन्याच्या मूळ आकड्याला त्याच महिन्याच्या कलाने भागावे. जुलै १९५७ साठी ४६५ ÷ ३६९.५ = १.२५९. त्या महिन्यातील प्रवासी कलापेक्षा सुमारे २६ टक्के अधिक होते, असा याचा अर्थ. चार वर्षांच्या आकड्यांतून अशी छत्तीस गुणोत्तरे मिळतात, म्हणजे प्रत्येक महिन्यासाठी तीन.

या गुणोत्तरांत हंगाम आणि योगायोग दोन्ही मिसळलेले असतात. एकाच महिन्याच्या तीन गुणोत्तरांची सरासरी काढली, की योगायोग बऱ्याच अंशी विरतो आणि हंगाम शिल्लक राहतो. शेवटी एक छोटी दुरुस्ती करावी लागते. बारा महिन्यांच्या निर्देशांकांची बेरीज नेमकी १२ यायला हवी, नाहीतर हंगामच वर्षाचा एकूण आकडा वाढवतो किंवा घटवतो असा अर्थ होईल. येथे ती बेरीज ११.९८६ आली. म्हणून प्रत्येक सरासरीला १२ ÷ ११.९८६, म्हणजे १.००११५ ने गुणले.

| महिना | १९५७-५८ | १९५८-५९ | १९५९-६० | निर्देशांक |
|---|---|---|---|---|
| जुलै | १.२५९ | १.२८६ | १.२७२ | १.२७४ |
| ऑगस्ट | १.२५८ | १.३१६ | १.२८५ | १.२८८ |
| सप्टेंबर | १.०८६ | १.०४५ | १.०५८ | १.०६४ |
| ऑक्टोबर | ०.९३२ | ०.९२० | ०.९२३ | ०.९२६ |
| नोव्हेंबर | ०.८१८ | ०.७८५ | ०.८१२ | ०.८०६ |
| डिसेंबर | ०.८९९ | ०.८४५ | ०.८९९ | ०.८८२ |
| जानेवारी | ०.९०६ | ०.८९४ | ०.९१४ | ०.९०६ |
| फेब्रुवारी | ०.८४१ | ०.८४० | ०.८४७ | ०.८४४ |
| मार्च | ०.९५४ | ०.९८६ | ०.९०१ | ०.९४८ |
| एप्रिल | ०.९१६ | ०.९५१ | ०.९८२ | ०.९५१ |
| मे | ०.९५३ | ०.९९९ | ०.९९८ | ०.९८५ |
| जून | १.१४२ | १.१०९ | १.१२६ | १.१२७ |

ज्यांना हे गणित संगणकावर पडताळून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी ही मालिका ‘आर’ या संगणकभाषेत तयार ठेवलेली आहे. पुढील तीन ओळी दिल्या की जानेवारीपासून डिसेंबरपर्यंतचे हेच निर्देशांक मिळतात:

```
x <- window(AirPassengers, start = c(1957, 1))
d <- decompose(x, type = "multiplicative")
round(d$figure, 3)
```

तिसरी पायरी: हंगाम वजा केल्यावर

आता सप्टेंबर १९५८ कडे परत जाता येते. ऑगस्टचा निर्देशांक १.२८८ आणि सप्टेंबरचा १.०६४. म्हणजे कोणत्याही सामान्य वर्षी ऑगस्टहून सप्टेंबरात येताना सुमारे १७.४ टक्के घट होणारच. प्रत्यक्षात २० टक्के झाली. ऑगस्टच्या ५०५ ला १.२८८ ने भागले, की हंगामविरहित आकडा ३९२ हजार येतो. सप्टेंबरच्या ४०४ ला १.०६४ ने भागले, की ३८० हजार येतो. घट उरली सव्वातीन टक्क्यांच्या आत. घाबरवणाऱ्या वीस टक्क्यांपैकी फार मोठा भाग केवळ सुट्या संपल्याचा होता.

‘मागच्या वर्षाइतकेच ४०४’ याचाही उलगडा होतो. सप्टेंबर १९५७ मध्ये कल ३७२ हजार होता आणि तो महिना योगायोगाने अपेक्षेपेक्षा दोन टक्के चांगला गेला. सप्टेंबर १९५८ मध्ये कल ३८६.५ हजारांवर चढलेला होता, पण तो महिना अपेक्षेपेक्षा सुमारे पावणेदोन टक्के वाईट गेला. एक चांगला आणि एक वाईट योगायोग समोरासमोर आले आणि कलातील जवळजवळ चार टक्क्यांची वाढ झाकली गेली. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना केल्याने हंगाम टळतो, पण दोन महिन्यांचे योगायोग मात्र एकत्र येतात.

सर्वांत बोलके उदाहरण मालिकेच्या अखेरीचे आहे. जुलै १९६० मध्ये ६२२ हजार प्रवासी होते, डिसेंबरात ४३२ हजार. पाच महिन्यांत तीस टक्क्यांहून अधिक घसरण. हंगाम काढून टाकला, की जुलैचे ४८८ आणि डिसेंबरचे ४९० हजार होतात. आकडा जागचा हललेलाच नाही.

उरलेल्यात दडलेला सण

येथपर्यंत आल्यावर काम झाले असे वाटते. खरी तपासणी मात्र येथून सुरू होते. अनियमित घटकाला काहीही वळण नसावे, अशी या रीतीची अपेक्षा आहे. त्यात वळण दिसले, तर फोड नीट झालेली नाही.

छत्तीस महिन्यांच्या अनियमित घटकांतून सर्वांत मोठे पाच निवडले, तर ते असे येतात: मार्च १९६० मध्ये अपेक्षेपेक्षा ५ टक्के कमी, डिसेंबर १९५८ मध्ये ४.२ टक्के कमी, मार्च १९५९ मध्ये ४ टक्के अधिक, एप्रिल १९५८ मध्ये ३.७ टक्के कमी आणि एप्रिल १९६० मध्ये ३.३ टक्के अधिक. पाचांपैकी चार केवळ मार्च आणि एप्रिल या दोन महिन्यांतले. योगायोग असा दोन महिन्यांत दाटीने बसत नाही.

कारण दिनदर्शिकेत आहे. ईस्टरचा रविवार दरवर्षी वेगळ्या तारखेला येतो. १९५८ मध्ये तो ६ एप्रिलला होता, १९५९ मध्ये २९ मार्चला आणि १९६० मध्ये १७ एप्रिलला. युरोप-अमेरिकेत या सणाला जोडून सुट्या घेऊन लोक प्रवासाला निघतात. १९५९ मध्ये सण मार्चमध्ये आला आणि मार्च फुगला. १९६० मध्ये तो एप्रिलच्या मध्यावर गेला, तेव्हा मार्च रोडावला आणि एप्रिल फुगला. १९५८ मध्ये तो एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात होता, त्यामुळे सणासाठी निघालेल्यांपैकी बरेच जण मार्चअखेरीसच घर सोडून गेले असणार. पडताळा घ्यायचा, तर १९६० चे मार्च आणि एप्रिल एकत्र करावेत. स्वतंत्रपणे उणे ५ आणि अधिक ३.३ टक्के असलेले हे विचलन एकत्र केल्यावर एका टक्क्याच्याही आत येते. प्रवासी हरवले नव्हते. ते एका महिन्यातून दुसऱ्या महिन्यात गेले होते.

हा दोष उरलेला घटक पाहण्याआधीच, दुसऱ्या तक्त्यात ओळखता येतो. फेब्रुवारीची तीन गुणोत्तरे पाहावीत: ०.८४१, ०.८४०, ०.८४७. तिन्ही एकमेकांना चिकटून आहेत, म्हणून फेब्रुवारीच्या निर्देशांकावर विश्वास ठेवावा. मार्चची मात्र ०.९५४, ०.९८६ आणि ०.९०१ अशी विखुरलेली आहेत. त्यांची सरासरी ०.९४८ ही कोणत्याच वर्षाच्या मार्चचे नीट वर्णन करत नाही. सरासरीवर भरवसा ठेवण्यापूर्वी ती कशाची सरासरी आहे, हे पाहणे म्हणूनच आवश्यक ठरते.

मराठी वाचकाला ही अडचण परकी नाही. येथील सण चांद्र तिथीने ठरतात आणि सुमारे अडीच-पावणेतीन वर्षांनी येणारा अधिक मास त्यांना एकदम पुढे ढकलतो. दिवाळीचे लक्ष्मीपूजन २०२२ मध्ये २४ ऑक्टोबरला होते, तर २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला आली आणि अधिक श्रावणामुळे २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला गेली. गोव्याचा कार्निव्हाल तर थेट ईस्टरच्याच गणिताला बांधलेला आहे. २०२४ मध्ये तो फेब्रुवारीत झाला, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी. कापड, मिठाई, वाहनविक्री किंवा पर्यटन यांच्या मासिक आकड्यांना ही रीत जशीच्या तशी लावली, तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर यांचे निर्देशांक या मार्चसारखेच डळमळीत येतील, आणि दिवाळी उशिरा आलेल्या वर्षी ऑक्टोबरात ‘मंदी’ दिसेल.

एका वाईट महिन्याची छाया

पाचांतील उरलेला महिना, डिसेंबर १९५८, दुसरी मर्यादा दाखवतो. डिसेंबरची गुणोत्तरे ०.८९९, ०.८४५, ०.८९९ अशी आहेत. दोन वर्षे तंतोतंत सारखी, आणि मधले एकच वेगळे. सरासरी काढताना त्या एका वर्षाने निर्देशांक ०.८८२ पर्यंत खाली खेचला. परिणामी उरलेल्या दोन्ही वर्षांचे डिसेंबर सुमारे दोन टक्के ‘चांगले’ दिसू लागले, जरी त्यांत विशेष काही घडले नव्हते. सरासरीऐवजी तिघांतले मधले मूल्य घेतले असते, तर निर्देशांक ०.८९९ च्या आसपास आला असता, दोन डिसेंबर अपेक्षेइतके ठरले असते आणि १९५८ चा डिसेंबर सहा टक्के कमी दिसला असता. त्या महिन्यात काय घडले हे शोधण्याची गरज तेव्हा अधिक ठळकपणे लक्षात आली असती. एखादे वर्ष उघडपणे वेगळे असेल, तर मधले मूल्य घेणे हाच शहाणपणाचा मार्ग.

कलावरही अशी छाया पडते. चलसरासरी सहा महिने मागे आणि सहा महिने पुढे पाहते. मार्च २०२० अखेरीस भारतातील नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणे थांबली. त्या काळातील मालिकेवर ही रीत चालवली, तर घसरण मार्च २०२० मध्ये सुरू झालेली दिसत नाही. आदल्या वर्षाच्या सप्टेंबर-ऑक्टोबरपासूनच कल वाकू लागतो, जणू लोकांना संकटाची चाहूल आधीच लागली होती. चाहूल कोणालाही लागलेली नव्हती. पुढच्या महिन्यांचे रिकामे आकडे सरासरीच्या वाटेने मागे झिरपलेले असतात. अचानक आलेल्या धक्क्याची तारीख अशा कलावरून ठरवू नये.

ताज्या आकड्यांची अडचण

तिसरी मर्यादा सर्वांत व्यावहारिक आहे. वरील उदाहरणात कल जून १९६० ला थांबतो. जुलैचा कल काढायला जानेवारी १९६१ चा आकडा हवा. म्हणजे निर्णय घेणाऱ्याला ज्या सहा महिन्यांची सर्वाधिक चिंता असते, नेमक्या त्यांचाच कल मिळत नाही. आरंभीचे सहा महिनेही असेच गळतात. हंगामविरहित आकडे मात्र शेवटपर्यंत काढता येतात, कारण निर्देशांक जुन्या वर्षांवरून तयार असतात. १९६० च्या डिसेंबरचे ४९० हजार याच मार्गाने मिळाले. पण त्यात कल किती आणि योगायोग किती, हे अजून वेगळे झालेले नाही, याचे भान ठेवावे.

शिवाय हंगाम कायम तोच राहतो, हे गृहीतकही कालांतराने ढिले पडते. १९४९ मध्ये सर्वाधिक गर्दीचा महिना सर्वांत मोकळ्या महिन्याच्या १.४२ पट होता, १९६० मध्ये १.५९ पट. उन्हाळी प्रवासाचे प्रमाणच वाढले होते. बारा वर्षांचे एकच निर्देशांक काढले असते, तर आरंभीच्या वर्षांत हंगाम अतिशयोक्त आणि अखेरीस अपुरा ठरला असता. चारच वर्षे निवडण्याचे कारण हेच. मात्र वर्षे कमी घेतली, की एकेका योगायोगाचे वजन वाढते. डिसेंबरच्या बाबतीत ते दिसलेच. या दोन्हींचा तोल किती वर्षांवर साधेल, हे प्रत्येक मालिकेत गुणोत्तरांच्या रांगा पाहूनच ठरवावे लागते.

या त्रुटी दूर करण्यासाठीच पुढच्या पद्धती निघाल्या. अमेरिकेच्या जनगणना कार्यालयात ज्युलियस शिस्किन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये सिद्ध केलेली ‘एक्स-११’ पद्धत हंगामाला हळूहळू बदलू देते, वेगळ्या महिन्यांचे वजन कमी करते आणि टोकांसाठी निराळी सरासरी वापरते. तिच्या आजच्या वारसदार कार्यक्रमांत ईस्टरची दुरुस्ती तयारच असते. दिवाळी, चतुर्थी किंवा अधिक मास मात्र त्यांना आपोआप ठाऊक नसतात. त्यांच्या तारखांची यादी वापरणाऱ्यानेच पुरवावी लागते. म्हणून येथील आकड्यांची फोड करणाऱ्याने संगणकाशेजारी एक दिनदर्शिका ठेवावी, आणि निर्देशांक हाती आल्यावर उरलेल्या घटकातील सर्वांत मोठे चार-पाच महिने तिच्याशी ताडून पाहावेत.